ऑफरला दिलेला होकार मागे घ्यायचा आहे? आधी काय, मग काय

सोमवारी सकाळी साडेनऊला रिसेप्शनवर नव्या माणसाच्या नावाचं कार्ड तयार असतं, लॅपटॉप मांडलेला असतो, आणि त्या माणसाचा फोन बंद असतो. पुण्यात भरतीचं काम करताना हे इतक्या वेळा पाहिलं की आता राग येत नाही. पण नोंद होते. त्या कंपनीच्या सिस्टिममध्ये त्या नावापुढे 'ऑफर स्वीकारून हजर नाही' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

दुसरीकडे चांगली भूमिका मिळाली म्हणून माघार घेणं हा गुन्हा नाही. एचआरवाले ते गृहीतच धरून असतात. बिघडतं ते माघारीमुळे नाही, तर ती कधी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवली यामुळे. खालचा क्रम अनुभवी उमेदवारांसाठी आहे. कॉलेजच्या प्लेसमेंटमधून ऑफर आली असेल तर परस्पर कंपनीशी बोलू नका, आधी कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला गाठा. तिथे तुमच्या मागून येणाऱ्या बॅचचाही प्रश्न असतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. चाकणच्या एका कारखान्यातली क्वालिटी इंजिनिअर. नोटीस पिरियड 60 दिवस. 2 जूनला तिने पहिल्या कंपनीची ऑफर स्वीकारली, 4 जूनला राजीनामा दिला. नोटीस 2 ऑगस्टला संपत होती, पण पहिल्या कंपनीला ती लवकर हवी होती. म्हणून जॉइनिंग 21 जुलै ठरलं, आणि उरलेल्या 15 दिवसांचा पगार जुन्या कंपनीत भरून सुटायचं ठरलं. ती रक्कम पहिली कंपनी नंतर परत देणार होती. 8 जुलैला दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. तिथे सप्लायर क्वालिटीची पूर्ण जबाबदारी होती, म्हणजे नेमकं तिला हवं असलेलं काम.

## 1. दुसरं पत्र हातात येईपर्यंत कोणाशीच बोलू नका

'तुमचं सिलेक्शन झालंय, लेटर दोन दिवसांत येईल' हा फोन म्हणजे ऑफर नव्हे. बजेटची मंजुरी अडकते, पद गोठवलं जातं, वरचा साहेब बदलतो. फोनच्या भरवशावर पहिलीला नकार देऊन दोन्हीकडून हात रिकामे झालेले उमेदवार मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाने पहिल्या कंपनीला परत फोन केला तेव्हा त्याची जागा भरली गेली होती.

पत्र आलं की ते शांतपणे वाचा. पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख, पत्राची मुदत, सही कोणाची आहे, एवढं तर बघाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अटी. 'पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन' हे जवळपास प्रत्येक पत्रात असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पण 'ग्राहकाच्या मंजुरीनंतर' किंवा 'प्रकल्प सुरू झाल्यावर' असं काही असेल तर ती ऑफर अजून अर्धी कच्ची आहे.

तपासा: नोटीसचे पैसे कोण देणार? इथे बरेच जण फसतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या पंधरा दिवसांचा भार पहिली कंपनी उचलणार होती. दुसरीच्या पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. माघार घेतली असती तर ती रक्कम तिच्याच खिशातून गेली असती. 9 जुलैला तिने दुसरीला विचारलं. ते म्हणाले, पैसे देता येणार नाहीत, पण जॉइनिंग 4 ऑगस्टला चालेल. मग तिने जुन्या मॅनेजरला विचारलं, 'मी पूर्ण नोटीस पिरियड काम केलं तर चालेल का?' त्याला तेच हवं होतं. शेवटचा दिवस बदलल्याचं त्याच्याकडून मेलवर घेतलं, आणि दुसरीकडून 4 ऑगस्टची तारीख घातलेलं सुधारित पत्र 10 जुलैला मिळालं. या दोन दिवसांत तिने पहिल्या कंपनीला काहीच कळवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

## 2. पहिल्या कंपनीचं पत्र पुन्हा वाचा

होकार देताना बहुतेक जण फक्त पगाराचं पान वाचतात. आता बाकीची पानं वाचायची वेळ आली आहे. शोधायच्या गोष्टी तीन.

एक, जॉइन होण्याआधी काही मिळालं आहे का. जॉइनिंग बोनसचा आगाऊ भाग, स्थलांतराचा खर्च, विमानाचं तिकीट, घरी आलेला लॅपटॉप. जे मिळालं ते परत करायचं आहे, आणि ते कोणी मागायच्या आधी तुम्हीच काढायचं आहे.

दोन, स्वीकारून न आल्यास काही रक्कम द्यावी लागेल असं कलम आहे का. बहुतेक ऑफर लेटरमध्ये ते नसतं. नेमणूक पत्रावर किंवा वेगळ्या बाँडवर सही केली असेल तर असू शकतं. कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, कोर्ट तुम्हाला एखाद्या ठिकाणी नोकरी करायला भाग पाडत नाही. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली वैयक्तिक सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. पण 1872 च्या करार कायद्याखाली नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग कंपनीला उघडा असतो. म्हणून पत्रात रकमेचा आकडा दिसला तर मेल लिहिण्याआधी ते पत्र एखाद्या कामगार वकिलाला दाखवा. आकडा नसेल तर वकिलाकडे धावायची गरज नाही.

तीन, ही ऑफर तुमच्यापर्यंत कोणामार्फत आली. थेट एचआरकडून, एखाद्या कन्सल्टंटकडून, की ओळखीच्या माणसाने तुमचं नाव दिलं म्हणून? पुढचा सगळा क्रम यावर ठरतो.

स्वतःला एक प्रश्न विचारा: पहिल्या कंपनीने उद्या तेवढेच पैसे दिले तर तुम्ही थांबाल का? उत्तर 'हो' असेल तर तुम्हाला माघार घ्यायची नाही, पगार वाढवून घ्यायचा आहे. तो संवाद वेगळा, आणि तो दुसरीला होकार देण्याआधीच करायचा. माघारीच्या फोनचा उपयोग घासाघीस करण्यासाठी केलात तर एचआरच्या ते पहिल्या दोन वाक्यांतच लक्षात येतं.

## 3. दुसरीला लेखी होकार, आणि त्यांची पोच

पत्रावर सही करून पाठवा आणि 'मिळालं, आम्ही 4 ऑगस्टला तुमची वाट पाहू' अशा अर्थाचं उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्या उदाहरणात होकार 10 जुलैच्या संध्याकाळी गेला आणि पोच 11 तारखेला सकाळी आली. दुपारपर्यंत आली नसती तर फोन करून मागायची होती. इथे एक रात्र थांबणं योग्य, आठवडा थांबणं चूक.

दोन्हीकडे होकार ठेवून 'बघू शेवटी कुठे जायचं' असं करणारे बरेच असतात. होकार देऊन तुम्ही गप्प असता तेव्हा पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगतो. एचआरकडे त्या जागेसाठी दुसऱ्या क्रमांकाचा एक उमेदवार असतो. तुम्ही होकार दिल्यावर काही दिवसांत त्याला नकार कळवला जातो, किंवा तो स्वतःच दुसरीकडे जातो. नवा माणूस शोधला तरी त्यालाही साठ-नव्वद दिवसांची नोटीस असते. म्हणजे तुमच्या मौनाचा एकेक आठवडा त्या टीमला फार महागात पडतो. जॉइनिंगला महिना असताना कळवलेली माघार मॅनेजर विसरतो. आदल्या रात्रीची विसरत नाही.

## 4. ज्याने तुमचं नाव दिलं, त्याला सगळ्यात आधी

तुमचा जुना सहकारी आत असेल आणि त्याने तुमचा सीव्ही पुढे केला असेल, तर एचआरच्या आधी त्याला फोन. आठवडाभर आधी नको, नाहीतर बातमी तुमच्याआधी आत पोचेल. तासभर आधी पुरे. त्याचा रेफरल बोनस जाणार असतो हे एक, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मॅनेजर जेवणाच्या टेबलावर त्याला विचारणार असतो, 'अरे, तुझ्या माणसाचं काय झालं?' तेव्हा त्याला उत्तर माहीत असायला हवं.

आपल्या इंजिनिअरने 11 तारखेला पावणेअकराला तो फोन केला. साधारण असं बोलली: 'दादा, आधी तुला सांगतेय, मग साडेअकराला एचआरला फोन करणार. मला सप्लायर क्वालिटीची जबाबदारी मिळतेय, ती सोडवत नाहीये. तू माझ्यासाठी शब्द टाकला होतास, म्हणून दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको होतं.' तो नाराज झाला. होणारच. पण तासाभराने मॅनेजरपुढे त्याची मान खाली गेली नाही.

कन्सल्टंट असेल तर: त्याला एचआरच्या फोननंतर लगेच कळवा, आधी नको, आणि निरोप त्याच्यामार्फत धाडू नका. त्याची फी उमेदवार जॉइन झाल्यावरच मिळते. ती बरेचदा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. साहजिकच तो तुम्हाला वळवायचा प्रयत्न करेल, आणि तोवर दोन दिवस निरोप आत पोचणारच नाही. पोचला तरी त्याच्या शब्दांत पोचेल.

## 5. फोन: कोणाला, कधी, काय

आधी ज्या एचआरने तुमची ऑफर हाताळली त्यांना. त्यानंतर लगेच हायरिंग मॅनेजरला, पण 'मी सरांनाही फोन करून सांगू का?' असं एचआरला विचारून. मॅनेजरशी तुमचं थेट बोलणं झालं असेल तर हा दुसरा फोन टाळू नका. नातं खरं तर त्यांच्याशीच टिकवायचं आहे. कंपन्या बदलताना मॅनेजर भेटत राहतात. चाकण काय, हिंजवडी काय, माणसं तीच फिरत असतात.

वेळ सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यानची निवडा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला केलेला फोन म्हणजे जबाबदारी झटकून वीकेंडला पळणं, असाच अर्थ पलीकडे लागतो. फोन उचलला नाही तर 'जॉइनिंगबद्दल महत्त्वाचं बोलायचं आहे, आज कधी फोन करू?' एवढाच मेसेज टाका. माघारीची बातमी व्हॉट्सॲपवर देऊ नका. दोनदा फोन करूनही दिवसभरात बोलणं झालं नाही, तर मात्र संध्याकाळी मेल पाठवून द्या. त्यांच्या उत्तराची वाट पाहण्यात आणखी एक दिवस घालवू नका.

बोलायचं ते एका मिनिटात संपावं. पहिल्याच वाक्यात निर्णय यायला हवा:

'मॅडम, मला तुमच्या ऑफरला दिलेला होकार मागे घ्यावा लागतोय. मी 21 तारखेला जॉइन होणार नाही. मला दुसरीकडे सप्लायर क्वालिटीची पूर्ण जबाबदारी असलेली भूमिका मिळाली आहे आणि मी ती स्वीकारली आहे. मी तुम्हाला होकार दिला होता, त्यामुळे तुमची अडचण होणार हे मला माहीत आहे, त्याबद्दल माफी मागते. लेखी मेल लगेच पाठवते. माझ्याकडून काही कागद किंवा सही हवी असेल तर आजच देते.'

इथे 'विचार करतेय', 'बहुतेक' हे शब्द नाहीत. 'स्वीकारली आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ मुद्दाम आहे. दार किलकिलं दिसलं की समोरचा त्यात पाय घालतो, आणि मग तुम्ही नको असलेल्या वाटाघाटीत अडकता.

सगळ्यात जास्त होणारी चूक, खोटं कारण. 'घरी आजारपण आहे', 'बाबांनी पुण्याबाहेर जाऊ नको म्हटलं'. महिन्याभराने लिंक्डइनवर नवी कंपनी दिसते आणि तो एचआर तुमच्याशी जोडलेला असतो. माघार लोक विसरतात. आजारी पाडलेली आजी कोणी विसरत नाही. (एका उमेदवाराने माझ्याकडे दोन वर्षांच्या अंतराने त्याच आजोबांचं निधन दोनदा सांगितलं होतं.)

## 6. समोरून येणाऱ्या चार गोष्टी

'ते किती देतायत?' आकडा सांगू नका. 'पैशांपेक्षा कामाचं स्वरूप हे कारण आहे' म्हणा, पण ते खरं असेल तरच. खरं कारण पैसे असतील तर 'पगार आणि भूमिका दोन्ही' एवढं पुरे. कंपनीचं नाव सांगणं तुमच्यावर आहे. जॉइन होईपर्यंत न सांगणं सुरक्षित, आणि 'जॉइन झाल्यावर नक्की कळवते' हे उत्तर कुणालाही उद्धट वाटत नाही.

'आम्ही मॅच करतो.' आभार माना आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा: 'मी तिकडे लेखी होकार दिलाय.' इथे डळमळलात तर एकाच आठवड्यात दोन कंपन्यांचा शब्द मोडायची वेळ येते.

राग. 'तुमच्यासाठी आम्ही दोन महिने थांबलो!' हे खरंच आहे. मध्ये बोलू नका, कंपनीतले दोष काढू नका, 'तुमचीच प्रोसेस लांबली' हे तर अजिबात नको. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे' एवढंच म्हणा. राग दोन मिनिटांत ओसरतो, तुमचं उलट उत्तर मात्र शेऱ्यात उतरतं.

धमकी. 'तुम्हाला ब्लॅकलिस्ट करू, लीगल नोटीस पाठवू.' त्या कंपनीच्या यादीत नाव जाऊ शकतं, ते खरं. नोटिशीबद्दल मात्र फोनवर वाद घालू नका. 'कृपया मेलवर कळवा, मी उत्तर देईन,' म्हणा. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात पत्र वाचलेलं असेल तर या वाक्याने पोटात गोळा येणार नाही.

## 7. तासाभरात मेल

फोन झाला म्हणजे काम झालं असं नाही. मेल पोचेपर्यंत कागदावर तुम्ही अजून 21 तारखेला येणारच असता. मेल एचआरला, प्रत मॅनेजरला. ऑफर ज्या मेलमालिकेत आली तिथेच उत्तर द्या, म्हणजे शोधाशोध नको. बहुतेक ठिकाणी हा मेल इंग्रजीत जाईल, तरी क्रम हाच ठेवा:

विषय: ऑफरचा होकार मागे घेत असल्याबाबत, (तुमचं नाव, पद, ऑफर क्रमांक)

> नमस्कार मॅडम,
>
> आज सकाळी फोनवर सांगितल्याप्रमाणे, मी 2 जून रोजी क्वालिटी इंजिनिअर पदाच्या ऑफरला दिलेला होकार मागे घेत आहे. 21 जुलै रोजी मी जॉइन होणार नाही.
>
> मी दुसरी भूमिका स्वीकारली आहे. माझ्या होकारानंतर आपण केलेल्या तयारीमुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे.
>
> माझी पार्श्वभूमी पडताळणी सुरू असल्यास कृपया थांबवावी. आपल्याकडून मला कोणतीही रक्कम किंवा वस्तू मिळालेली नाही. हा मेल मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती.

वस्तू किंवा पैसे मिळाले असतील तर शेवटून दुसऱ्या वाक्याच्या जागी काय, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत करणार ते लिहा. पडताळणीचं वाक्य गाळू नका. ती थांबवली नाही तर एजन्सीचा माणूस तुमच्या सध्याच्या एचआरला फोन करून 'अमुक कंपनीसाठी' असं विचारतो, आणि तुमची गोष्ट नको तिथे पोचते.

मेलमध्ये नसावं: नव्या कंपनीचं नाव, पगार, तीन परिच्छेद आभार, 'भविष्यात संधी द्यावी' अशी याचना. आणि रात्री अकराला पाठवू नका.

## 8. उरलेली टोकं बांधणं

लॅपटॉप आला असेल तर खोका न फोडता कुरिअरने परत पाठवा, पावतीचा फोटो मेलवर टाका. जॉइनिंग पोर्टलच्या लिंक येत राहिल्या तर त्यात काही भरू नका. त्या बऱ्याचदा आपोआप येतात, माणूस पाठवत नसतो. दोन दिवसांत पोच आली नाही तर त्याच मेलवर एक ओळ टाका. 21 तारखेच्या आधीच्या गुरुवारपर्यंतही आली नाही तर फोन करा, म्हणजे सोमवारी रिसेप्शनवर तुमचं कार्ड छापलेलं नसेल.

आपल्या इंजिनिअरला पोच सोमवारी, 14 तारखेला मिळाली, दोनच ओळींची आणि कोरडी. मॅनेजरने मात्र फोनवर विचारलं होतं, 'तुझ्या ओळखीत कोणी आहे का?' तिने दोन दिवसांनी एका जुन्या सहकाऱ्याचं नाव दिलं, त्याची परवानगी घेऊन. त्याची नोटीस फक्त तीस दिवसांची होती. असं नाव असेल तर द्या, नसेल तर कोणाचंही नाव पुढे ढकलू नका. चुकीचा माणूस पाठवणं ही त्याच घरात केलेली दुसरी चूक ठरते.

'दहा दिवस जाऊन बघतो' हे करू नका. पहिल्या कंपनीत जॉइन झालात की पीएफची नोंद तुमच्या यूएएनवर चढते, जॉइनिंगच्या तारखेसकट. पुढच्या पडताळणीत ती दिसू शकते, आणि तुम्ही सीव्हीतून ती नोकरी गाळली असेल तर ते लपवाछपवी समजलं जातं. न जाता आधी कळवलेली माघार पीएफच्या इतिहासात कुठेच दिसत नाही.

लिंक्डइनवर नवी नोकरी टाकायची असेल तर जॉइन झाल्यावर काही आठवडे जाऊ द्या, आणि 'स्वप्नातली कंपनी' वगैरे लिहू नका. पहिल्या टीममधले दोन-तीन जण ते वाचणार आहेत. त्याआधी, जॉइन झाल्याच्या आठवड्यात, पहिल्या कंपनीच्या मॅनेजरला कबूल केल्याप्रमाणे एक छोटा मेसेज पाठवा, कंपनीच्या नावासह. आणि कधी पुन्हा त्याच कंपनीत अर्ज केलात, तर पहिल्याच फोनवर तुम्ही स्वतः सांगा: 'अमुक वर्षी मी ऑफर स्वीकारून नंतर माघार घेतली होती, दहा दिवस आधी कळवलं होतं.' एचआरच्या स्क्रीनवर ते तसंही दिसतच असतं.